प्लास्टरवरचा तेलाचा भाव

नलिनीकाकू परबांना त्रेसष्ट वर्षांत कोणी घरी बसवू शकलं नव्हतं. ते काम शेवटी कोथिंबिरीच्या एका देठानं केलं. पोळी-भाजी केंद्रात सकाळी सात वाजता त्यांचा पाय त्या देठावरून सरकला, गुडघ्याखालचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर घालून सहा आठवडे हलायचं नाही असं बजावलं. बिल्डिंग दिंडोशीची, मजला तिसरा, लिफ्टचा पत्ता नाही. म्हणजे काकू घरी, आणि केंद्र रस्त्यापलीकडे समोरच्या गाळ्यात. खिडकीतून पाटी दिसायची, आत काय चाललंय ते दिसायचं नाही. एवढंसं अंतर माणसाचा जीव खाऊ शकतं हे काकूंना पहिल्यांदाच कळलं.

हे केंद्र बारा वर्षांपूर्वी नलिनीकाकू आणि जानकी सावंत या दोघींनी काढलं. जानकीच्या हाताला चव, काकूंच्या डोक्याला माप, अशी वाटणी होती. रोज चारशे पोळ्या, दोन भाज्या, रविवारी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. गाळ्याचं भाडं कधी थकलं नाही, बायकांचे पगार कधी चुकले नाहीत, आणि त्याचं श्रेय कोणाला द्यायचं यावर दोघींनी बारा वर्षांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. म्हणून तर टिकलं.

खरेदी काकूंची. महिन्याच्या एक तारखेला त्या मालाडच्या मोठ्या सुपर स्टोअरमध्ये जात आणि तिथल्या पोरांना घाम फोडत. चष्मा दोरीला बांधलेला, हातात सामानाची यादी, आणि प्रत्येक मांडणीखालची किमतीची पट्टी मोठ्यानं वाचायची सवय. लोक लाल रंगातला मोठा आकडा बघतात. काकू त्याच्याखालचं बारीक वाचायच्या. एकदा पट्टीवर एक भाव आणि बिलात दुसरा निघाला, तेव्हा सात रुपयांसाठी मॅनेजरला काउंटरपासून चण्याच्या डाळीपर्यंत चालवत नेलं होतं. सात रुपये घेतले, आणि पट्टी बदलेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. तेव्हापासून दारावरचा वॉचमन त्यांना बघून आधी आत वर्दी द्यायचा म्हणतात.

ही खोड आईची. आई परळला गिरणीतल्या माणसांची खाणावळ चालवायची. वाण्याकडून आलेली नलू दाखवायला लागली, 'आई, स्वस्तात आणलं', की आई विचारायची, "किती दिलंस ता नको सांगू. माप किती इला ता सांग." नलू सातवीपर्यंत शिकली, पण हा एक धडा तिनं शाळेतल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा घट्ट धरला. पुढे तिनं त्याला स्वतःची युक्ती जोडली: पुडा कितीचाही असो, भाव शंभर ग्रॅमला किती पडतो ते काढायचं. मग पाचशेचा पुडा काय आणि पाच किलोची गोणी काय, सगळे एका रांगेत उभे राहतात.

काकू पडल्या आणि खरेदी जानकीच्या मुलाकडे गेली. नितेश तसा वाईट पोरगा नव्हता. एका कंपनीत सेल्सला होता, बोलायला चटपटीत, आईला जपणारा. पहिल्याच महिन्यात त्यानं केंद्राच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'तेल १४२ नी आणलं. काकू १४८ नी आणायच्या. ६० पिशव्या, ३६० रुपये सेव्हिंग. झकास ना?' खाली पाच बायकांचे अंगठे. काकूंनीही अंगठा दिला. त्या अंगठ्याचा त्यांना पुढे फार राग आला.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, गंधाली त्यांच्याकडे आली. गंधाली केंद्रात पोळ्या करायची, आठ वर्षं. नवरा रिक्षा चालवतो, एक मुलगी दहावीला. बोलायला कमी, हाताला वीज. ती आली, काकूंच्या पलंगाशी खाली बसली आणि म्हणाली, "काकू, येत्या रविवारपासून मी येत नाहीये. म्हणजे, येऊ देत नाहीयेत."

काकूंनी पाठ भिंतीला टेकवली. "काय केलंस?"

"तेल चोरलं म्हणतात."

मग तिनं सांगितलं ते असं. केंद्रात तेलाचा एक स्टीलचा डबा आहे. त्याला एका बाजूला जुना पोचा आहे, कधीतरी पडून झालेला. रोज सकाळी दोन पिशव्या ओतल्या की तेल बरोबर पोच्याशी येतं, आणि तेवढं दिवसभराला पुरतं. बारा वर्षांचा नेम. साठ पिशव्या, तीस दिवस. पण या महिन्यात दोन पिशव्या ओतून तेल पोच्याच्या खालीच राहायला लागलं. गंधाली नेमाप्रमाणे तिसरी फोडून पोच्यापर्यंत भरायची, उरलेली दुसऱ्या दिवशी वापरायची. अठ्ठावीस तारखेला कपाट रिकामं. जानकीनं दोन दिवसांसाठी चार पिशव्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, चार लिटर तेल गेलं कुठे?

"मी सांगितलं, डबा भरत नाही म्हणून. तर म्हणाल्या, डबा तोच, पिशवी लिटरचीच, मग तुझाच हात सुटलाय." गंधालीचा आवाज अजून तरी सरळ होता. "दुसऱ्या दिवशी तेलाच्या कपाटाला कुलूप. किल्ली जानकीकाकूंच्या गळ्यात. रोज सकाळी त्या येऊन मोजून दोन पिशव्या काढून देतात, आणि मी ओतताना शेजारी उभ्या राहतात. आठ वर्षं झाली मला तिथे. कुलूप लावलं तेव्हा बाकीच्या खाली बघत होत्या." इथे मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याचीच रविवारी दुपारी मीटिंग आहे, खाली गाळ्यात. तुम्हाला बोलावलं नाहीये ना?"

नव्हतं बोलावलं. बारा वर्षांच्या भागीदाराला मीटिंगचं सांगितलं नव्हतं, आणि ती ठेवली होती अशा जागी जिथे मांडीपर्यंत प्लास्टर असलेलं माणूस येणार नाही. पण आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पिशवी तीच आहे? पिवळी?"

"नाही. नितेशदादा निळी आणतो. नवी कंपनी आहे. पण लिटरचीच."

"लिटरची कोणी सांगितलं?"

गंधाली म्हणाली, "तेलाची पिशवी लिटरचीच असते ना, काकू."

तिथेच तर सगळी गोम होती. आपल्याकडे तेलाची पिशवी म्हटली की लिटर. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक म्हणतं, बारा वर्षं केंद्रात सगळ्या म्हणत आलेल्या. आणि खरं सांगायचं तर अंगठा देताना नलिनीकाकूंनीही तेच धरलं होतं. ही त्यांची स्वतःची चूक होती आणि ती त्यांना गंधालीच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा जास्त झोंबली.

"एक निळी पिशवी घेऊन ये गाळ्यातून," त्या म्हणाल्या.

"कपाटाला कुलूप आहे, काकू. आणि मी पिशवी बाहेर काढली तर काय म्हणतील?"

"बरोबर. नको मग. तू मालाडला जा, आत्ता. तेलाच्या मांडणीचा फोटो काढ. सगळ्या तेलांचा. वरच्या पिशव्या आणि खालच्या किमतीच्या पट्ट्या, दोन्ही दिसायला हवं."

गंधाली उठली. काकूंचा नवरा दशरथ आतून चहा घेऊन येईपर्यंत ती जिन्यावर होती.

पाऊण तासानं पहिला फोटो आला तो असा, की दिव्याचा उजेड पिशव्यांवर चकाकत होता आणि खालच्या पट्ट्या मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. दुसरा बरा होता. काकूंनी मोबाइल नाकाशी धरला. पिवळ्या पिशव्यांची थप्पी, निळ्यांची थप्पी, खाली पाच लिटरचे कॅन आणि तीन पिशव्या एकत्र बांधलेला गठ्ठा. निळ्यांच्या खाली पट्टी: १४८. पिवळ्यांच्या खाली: १४२.

काकूंनी भुवया उचलल्या. नितेशनं निळी १४२ नं आणली म्हणाला होता. फोटोत निळी १४८ ची दिसत होती. मग पोरगा खोटं बोलतोय का? क्षणभर त्यांना तसं वाटलंही, आणि थोडा आनंदही झाला, खोटं कशाला बोला. पण स्टोअरच्या मांडण्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. एक पिशवी पुढे संपली की पोरं शेजारची सरकवतात. पट्टी जागेवर राहते, माल इकडेतिकडे जातो. वर काय बसलंय त्यावर भाव वाचायचा नसतो. पट्टीवर नाव काय लिहिलंय त्यावर वाचायचा असतो. त्यांनी फोन लावला.

"गंधाली, प्रत्येक पट्टीचा वेगळा फोटो काढ. जवळून. पट्टीवरचं नाव आणि वजन वाचता आलं पाहिजे. आणि निळी पिशवी उलटी कर, खालचं बारीक काढ. पिवळीचंसुद्धा."

पलीकडून कोणाचा तरी जाडा आवाज आला: "ओ मॅडम, फोटो नाही काढायचा."

मग गंधालीचा. ती इतकी बोलली नव्हती आठ वर्षांत. "भाव वाचायला लिहिलाय ना तुम्ही? मग मी वाचतेय. माझा चष्मा घरी आहे आणि तो घरीच वाचणार."

काकूंनी फोन छातीशी धरला आणि हसल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

पुढचे फोटो स्वच्छ होते. माल खरंच इकडचा तिकडे झाला होता: १४२ च्या पट्टीवर निळीचं नाव होतं, १४८ च्या पट्टीवर पिवळीचं. निळीच्या पट्टीवर लाल अक्षरात भलामोठा आकडा, '₹ ४८ वाचवा', छापील किंमत १९०. त्याच्या कोपऱ्यात, माशीच्या पायाएवढ्या अक्षरात: ८५० ग्रॅम. पिवळीवर '₹ २७ वाचवा', छापील १७५. आणि पिशवीच्या पाठीवर: १ लिटर, ९१० ग्रॅम.

"अहो," काकूंनी दशरथना हाक मारली. "पेन द्या."

"वही?"

"वही कशाला? पेन द्या."

पांढरं प्लास्टर समोरच होतं, मांडीपासून घोट्यापर्यंत, स्वच्छ, सपाट. काकू पुढे वाकल्या आणि लिहायला लागल्या. निळी, १४२ भागिले साडेआठ, शंभर ग्रॅमला सोळा रुपये सत्तर पैसे. पिवळी, १४८ भागिले नऊ पूर्णांक एक, सोळा रुपये सव्वीस. पाच लिटरचा कॅन, त्यावर वीस टक्के सूट अशी पिवळी झालर लावलेली, साडेनऊशेचा सातशे साठला. आत साडेपंचेचाळीसशे ग्रॅम. पुन्हा सोळा सत्तर. मोठा डबा म्हणून स्वस्त असं कोणी सांगितलं कोण जाणे. तीन पिवळ्यांचा बांधलेला गठ्ठा, '₹ ७५ वाचवा', साडेचारशेला. सत्तावीसशे तीस ग्रॅम. सोळा अठ्ठेचाळीस. म्हणजे तीच पिशवी सुटी घेतली तर स्वस्त, आणि सुतळीनं बांधली तर महाग. सुतळीचे पैसे घेत असतील.

सगळ्यांत स्वस्त तेल ते होतं, ज्याच्या पट्टीवर सगळ्यांत कमी वाचवल्याचं लिहिलं होतं.

मग त्यांनी खाली, पोटरीजवळ, आणखी एक ओळ लिहिली. साठ पिशव्या, प्रत्येकीत साठ ग्रॅम कमी. छत्तीसशे ग्रॅम. भागिले नऊशे दहा. जवळजवळ चार.

चार पिशव्या. गंधालीनं चोरलेल्या चार पिशव्या. त्या कुठेही गेल्या नव्हत्या. त्या केंद्रात आल्याच नव्हत्या. काकूंना रडायला आलं, रागानं. एका बाईची आठ वर्षं, साठ ग्रॅमच्या बारीक अक्षरापायी.

दशरथ प्लास्टर वाचत उभे होते. "जानकीला फोन लाव," ते म्हणाले. "फोटो पाठव. मिटेल."

"फोनवर नाही," काकू म्हणाल्या. "चोर म्हणताना सगळ्यांसमोर म्हटलं. आता उत्तरही सगळ्यांसमोर."

"गो, तीन मजले आहेत. डॉक्टरनं सांगितलंय..."

"पाय टेकायचा नाही असं सांगितलंय. बसू नको असं नाही सांगितलं."

रविवारी दुपारी अडीच वाजता त्या बिल्डिंगमधल्या लोकांनी जे पाहिलं ते पुढे बरेच दिवस सांगितलं गेलं. नलिनी परब जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या, प्लास्टरचा पाय पुढे सरळ धरला, दोन्ही हात मागे टेकले आणि एक पायरी उतरल्या. मग दुसरी. दशरथ एका हातानं प्लास्टरची टाच उचलून धरत पुढे उलटे उतरत होते, दुसऱ्या हातात वॉकर. चोपन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या अनुपमा दार उघडून म्हणाल्या, "अगं बाई, नलिनीताई, काय हे?" काकू म्हणाल्या, "मीटिंगला चाललेय. बाजूला हो." पहिल्या मजल्याशी त्यांना घाम फुटला, हाताच्या तळव्यांना सालपटं निघाली, आणि दशरथनी नुसतं तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "गप रवा." ते गप्प राहिले. त्यांनी चाळीस वर्षांत हा आवाज दोनदा ऐकला होता आणि दोन्ही वेळा त्यानंतर कोणी तरी माफी मागितली होती.

वॉकरवर एका पायानं रस्ता ओलांडून त्या पोचल्या तेव्हा गाळ्यात पाच बायका, जानकी आणि नितेश बसले होते. गंधाली दाराशी उभी, तिला बसायला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. वॉकरच्या खडखडाटावर सगळे वळले. जानकी उठलीच.

"नलू? अगं, पाय..."

"पाय घेऊनच आलेय," काकू म्हणाल्या. "खुर्ची दे. आणि हा पाय ठेवायला स्टूल."

पाय स्टुलावर गेला. साडीचा काठ त्यांनी गुडघ्यावरून बाजूला केला. प्लास्टर वरपासून खालपर्यंत निळ्या आकड्यांनी भरलेलं.

"नितेश, ये रे. वाच."

नितेश आधी हसला. मग बायका बघतायत म्हटल्यावर वाकला. एका सेल्समनला भरल्या गाळ्यात बाईच्या पायाशी वाकून भागाकार वाचावे लागले, हे त्याला आवडलं असेल असं नाही.

"काकू, हे काय आहे? निळी सोळा सत्तर?"

"शंभर ग्रॅमला."

"पण मी तर सहा रुपयांनी कमी आणली. लिटरची."

"लिटरची कुठे लिहिलंय? कपाटातली पिशवी काढ."

जानकीनं गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं. नितेशनं निळी पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी केली. बराच वेळ. शेवटी खालच्या शिवणीजवळ त्याला ते सापडलं, आणि तो ते मोठ्यानं वाचेना.

"वाच," काकू म्हणाल्या.

"आठशे पन्नास ग्रॅम."

"आणि पिवळी लिटरची, नऊशे दहाची. साठ ग्रॅमचा फरक. साठ पिशव्या. पोटरीवर बघ किती होतात."

नितेशचं डोकं मात्र चालूच होतं. हरलेला माणूस आणि सेल्सचा माणूस एकत्र आले की असं होतं. "काकू, पण पिशवीवर भाव छापलेला असतो आता, ग्रॅमला किती ते. निळीवर ग्रॅमला बावीस पैसे आहे. बघा, इथे. पिवळीवर काय आहे?"

"लिटरला एकशे पंच्याहत्तर," काकू म्हणाल्या. "एक ग्रॅममध्ये, एक लिटरमध्ये. शेजारी ठेवून तुला काय कळणार? आणि दोन्ही छापील किमतीवरून काढलेले. सूट देऊन तू जे दिलंस, त्याचा त्यात पत्ता नाही. तो आकडा खरा आहे रे, पण तू भरलेल्या पैशांचा नाही. ते तुलाच काढावं लागतं. भागाकार आहे. सातवीत शिकवतात."

कोपऱ्यातली एक बाई फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

"तू तीनशे साठ वाचवलेस," काकू पुढे म्हणाल्या. "तेवढंच तेल निळीत आणायचं तर चौसष्ट पिशव्या लागतात. नऊ हजार अठ्ठ्याऐंशी. तरी वर दोनशे ग्रॅम कमीच. माझं यायचं आठ हजार आठशे ऐंशीला. वाचवलेस की घालवलेस ते सोड. मी पण तुझ्या मेसेजला अंगठा दिला होता, न बघता. ती माझी चूक, मी सगळ्यांसमोर सांगतेय. पण तू आकडा चुकलास म्हणून मी आज चोपन्न पायऱ्या बसून उतरले नाही. डबा भरत नाही हे या मुलीनं सांगितलं. तिचं कोणी ऐकलं नाही, तिलाच चोर केलं."

जानकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी तरी काय करू गं, नलू. तेल कमी पडत होतं. मला वाटलं..."

"मला सांगू नको. मी चोर नव्हते."

जानकी मग वळली. बारा वर्षांत तिनं कोणापुढे मान खाली घातलेली बायकांनी पाहिली नव्हती. "गंधाली," ती म्हणाली, "तेल तू घेतलं नाहीस. मी उगाच बोलले. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते." आणि मग, घाईनं, आपल्याकडे मोठी माणसं माफी मागितल्यावर लगेच जे म्हणतात ते म्हणाली: "जाऊ दे आता, झालं ते झालं. उद्यापासून ये."

गंधाली दाराशीच होती. काकूंना वाटलं ही रडेल, पाया पडेल, हो म्हणेल. आठ वर्षं ती हो म्हणत आली होती.

"येईन," गंधाली म्हणाली. "पण खरेदी मी करणार. फोटो काकूंना पाठवीन, पाय बरा होईपर्यंत. नंतर मीच बघीन. मला आता जमतं."

नितेशनं आईकडे पाहिलं. जानकीनं नलिनीकडे. नलिनीकाकूंनी कोणाकडेच पाहिलं नाही. त्या प्लास्टरवरचा एक आकडा उगाच बोटानं पुसत होत्या.

"बरं," जानकी म्हणाली.

"आणि ते कुलूप."

जानकीला आधी कळलंच नाही. मग तिनं कपाटाला लटकणारं कुलूप काढलं, किल्ली त्याच्यात तशीच, आणि गंधालीच्या पुढे धरलं. गंधालीनं ते घेतलं, क्षणभर तळहातावर ठेवलं, आणि नितेशच्या हातात दिलं.

"तुमच्या घरी लावा, दादा."

नितेशनं ते खिशात घातलं. तासाभरानं नलिनीकाकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले वर चढवताना तोच पुढच्या बाजूला होता, खिशातलं कुलूप प्रत्येक पायरीला खुळखुळत होतं, आणि काकूंनी त्याला एकदाही थांबून दम घेऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यात गंधालीनं पोळ्यांसाठी डबा घेतला. कपाट उघडं टाकलं. निळ्या पिशव्या दोन ओतल्या, तेल पोच्याच्या खाली राहिलं, तेव्हा तिनं सगळ्यांच्या देखत तिसरी फोडली आणि कोणालाही न विचारता पोच्यापर्यंत तेल भरलं.